विश्लेषण : छोट्या ऑफिसचा कार्बन हिशेब नेमका कुठे चुकतो?

बाजारमूल्यानुसार देशातील पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून 'बीआरएसआर' हा शाश्वततेचा अहवाल 'सेबी'च्या नियमानुसार सादर करावा लागतो. या मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना प्रश्नावली पाठवतात आणि तो कागद फिरत फिरत वीस-तीस जणांच्या डिझाइन स्टुडिओपर्यंत, सीएच्या फर्मपर्यंत किंवा सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत येतो. 'तुमचे वार्षिक कार्बन उत्सर्जन किती?' या रकान्यात काहीतरी भरावेच लागते. मग दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या सस्टेनेबिलिटी इंटर्नच्या हाती एक एक्सेल शीट, विजेच्या बिलांचा गठ्ठा आणि एक वजनकाटा दिला जातो. यातून निघणारा आकडा पुढे ग्राहकाच्या अहवालात जातो, त्यावरून पुढच्या वर्षीचे 'घट'चे उद्दिष्ट ठरते. तो आकडा कसा तयार होतो, हे मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. विचारले तर लक्षात येते, की मेहनत एकीकडे होते आणि चूक दुसरीकडे घडते.

हिशेब कोणत्या चौकटीत होतो?

जगभर यासाठी 'जीएचजी प्रोटोकॉल'ची चौकट वापरतात. तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. ऑफिसने स्वतः जाळलेले इंधन (जनरेटरचे डिझेल) आणि एसीतून गळालेला वायू हे 'स्कोप १', विकत घेतलेली वीज 'स्कोप २' आणि कचरा, प्रवास, खरेदी वगैरे उरलेले सगळे 'स्कोप ३' मध्ये येते. सूत्र साधे आहे. जे वापरले त्याचे प्रमाण गुणिले उत्सर्जन गुणांक. गुणाकार एक्सेल करते. प्रमाण बरोबर आणणे हे खरे काम.

पुढील उदाहरणासाठी पुण्यात बाणेर परिसरातील एका व्यापारी इमारतीत, भाड्याच्या २,४०० चौरस फूट जागेत चालणारे तीस जणांचे ऑफिस डोळ्यांसमोर ठेवू. ऑफिस कल्पित आहे. पण त्यातील आकडे अशा जागेला साजेसे आहेत.

विजेच्या बिलातून काय घ्यायचे?

पहिला नियम, रुपये नाही, युनिट. अकाउंट्स विभाग इंटर्नला बहुधा वर्षभराचा वीजखर्च काढून देतो, कारण त्यांच्याकडे तोच असतो. मग कोणीतरी 'दहा रुपयांना एक युनिट' असा भाव धरून भागाकार करून टाकतो. पण बिलाच्या रकमेत वीज आकाराबरोबर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि कधी मागील थकबाकीही असते. उन्हाळ्यात वापर दुप्पट झाला तरी स्थिर आकार तेवढाच राहतो. त्यामुळे रुपयांवरून काढलेले युनिट एका महिन्यात जास्त आणि दुसऱ्या महिन्यात कमी निघतात. बिलाची मूळ प्रत मागावी. नसेल तर ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या पोर्टलवर जुनी बिले पाहता येतात.

बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव आणि युनिट असे रकाने असतात. दोन रीडिंगमधला फरक गुणिले गुणक अवयव म्हणजे युनिट. घरगुती मीटरवर हा अवयव एक असतो, म्हणून तो कोणाच्या नजरेत भरत नाही. जास्त भाराच्या जोडणीवर तो मोठा असू शकतो, आणि स्वतः मीटरचा फोटो काढून हिशेब करणारा इंटर्न नेमका तिथे फसतो. काही जोडण्यांच्या बिलात केव्हीएएच हेही एकक दिसते. उत्सर्जनासाठी घ्यायचे ते केडब्ल्यूएच, म्हणजेच आपले नेहमीचे युनिट.

दुसरी अडचण तारखांची. बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना जुळत नाहीत. समजा, एक बिल १६ मार्च ते १५ एप्रिल या ३१ दिवसांचे आहे आणि त्यात २,४८० युनिट आहेत. म्हणजे रोजचे ८०. यातील एप्रिलचे १५ दिवस, म्हणजे १,२०० युनिट, नव्या आर्थिक वर्षात जातात आणि १,२८० जुन्या वर्षात राहतात. 'एप्रिलमध्ये आले ते एप्रिलचे बिल' असे धरले तर वर्षाच्या दोन्ही टोकांना थोडी थोडी चूक होते. ती बरेचदा एकमेकींना कापते, पण ऑफिसने मधेच जागा बदलली किंवा माणसे वाढली तर कापत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. कुलूप असल्याने किंवा मीटर बिघडल्याने रीडिंग मिळाले नाही, तर सरासरीने बिल येते आणि फरक पुढे कधीतरी समायोजित होतो. ओळखायची खूण सोपी आहे. लागोपाठ दोन-तीन महिने नेमके तेवढेच युनिट आणि मग अचानक उडी किंवा घसरण. पुण्यात एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारी या महिन्यांत एसी असलेल्या ऑफिसचा वापर सारखाच दिसत असेल, तर त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. बारा महिन्यांचा साधा आलेख काढला, की हे पाच मिनिटांत दिसते. आलेख न काढता थेट बेरीज करणे हा या कामातला सर्वांत महागडा आळस आहे.

उदाहरणातील ऑफिसचे सगळे दुरुस्त करून वर्षाला २८,८०० युनिट निघाले, महिन्याला सरासरी २,४००.

लिफ्ट, पंप, जिना यांची वीज कोणाची?

ऑफिसच्या मीटरवर लिफ्ट, पाण्याचा पंप, पार्किंगचे दिवे आणि कॉरिडॉर यांची वीज नसते. इमारतीत एकत्रित वातानुकूलन असेल, तर एसीचीही नसते. ती इमारतीच्या सामायिक मीटरवर असते आणि तिचे पैसे महिन्याच्या मेंटेनन्समध्ये 'इतर' म्हणून जातात. त्यामुळे बिलांच्या गठ्ठ्यात ती सापडतच नाही. इमारतीच्या व्यवस्थापकाकडून सामायिक मीटरची बिले मागावी लागतात आणि बरेचदा तीनदा मागावी लागतात.

समजा, सामायिक वापर वर्षाला ९६,००० युनिट आहे आणि इमारतीचे एकूण वापरण्याजोगे क्षेत्र ४०,००० चौरस फूट. ऑफिसचे क्षेत्र २,४०० चौरस फूट, म्हणजे सहा टक्के. वाटा आला ५,७६० युनिट. क्षेत्रफळाने केलेली वाटणी अगदी न्याय्य नसते. तळमजल्यावरचे दुकान लिफ्ट वापरत नाही. पण मोजायला दुसरे काही नसताना ती चालते, फक्त तशी लिहून ठेवावी. हा वाटा 'स्कोप २' मध्ये धरायचा की भाड्याच्या मालमत्तेचा म्हणून 'स्कोप ३' मध्ये, यावर जाणकारांतही एकमत नसते. कुठेही धरा, पण दरवर्षी तिथेच. पहिल्या वर्षी धरून दुसऱ्या वर्षी गाळला तर एक दिवाही न विझवता १७ टक्के 'घट' दाखवता येते. अशी घट कागदावर छान दिसते, म्हणून ती टाळण्याची जबाबदारी इंटर्नवर नव्हे, तर सही करणाऱ्यावर हवी.

जनरेटरचेही तसेच. इमारतीने वर्षाला १,२०० लिटर डिझेल जाळले असेल तर सहा टक्क्यांनी ७२ लिटर. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १९३ किलो.

उत्सर्जन गुणांक कोणता घ्यायचा?

केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातील वीजनिर्मितीचा उत्सर्जन गुणांक दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२३-२४ साठी तो एका युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. महाराष्ट्राचा वेगळा गुणांक शोधण्यात वेळ घालवू नये. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण ग्रिड जोडली गेल्यापासून देशाची ग्रिड एकच आहे आणि बाणेरच्या ऑफिसात आलेले युनिट कोराडीचे की छत्तीसगडचे, हे सांगता येत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे ब्रिटिश सरकारच्या तयार तक्त्याचा सरसकट वापर. तो तक्ता नीटनेटका आहे, दरवर्षी निघतो, फुकट मिळतो आणि त्यात कचऱ्यापासून विमानप्रवासापर्यंत सगळे आहे. पण त्यातला विजेचा गुणांक ब्रिटनच्या ग्रिडचा आहे आणि २०२४ च्या तक्त्यात तो ०.२०७ होता. ऑफिसचे ३४,५६० युनिट (स्वतःचे अधिक सामायिक) त्याने गुणले तर ७.२ टन येतात. भारताच्या गुणांकाने येतात २५.१ टन. एका सेलमधल्या आकड्याने ऑफिसचे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त उत्सर्जन नाहीसे होते आणि शीटमध्ये कुठेही लाल खूण दिसत नाही. ताळा सोपा आहे. एकूण टन भागिले एकूण हजार युनिट केल्यावर उत्तर ०.७ च्या आसपास आले नाही, तर शीट परत उघडावी.

कचऱ्याचे वजन कसे घ्यायचे?

विजेला निदान मीटर आहे. कचऱ्याला काहीच नाही. म्हणून दोन आठवडे रोज ओला आणि सुका कचरा वेगळा तोलून त्यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. प्रवासी बॅग तोलायचा डिजिटल हुक-काटा पुरतो. पिशवी अडकवायची, आकडा वहीत लिहायचा, रिकाम्या पिशवीचे वजन वजा करायचे. वेळ महत्त्वाची. 'स्वच्छ'च्या ताई किंवा महापालिकेची गाडी येण्याआधी काटा हातात हवा, नाहीतर त्या दिवसाची नोंद गेलीच.

दिवाळीचा आठवडा, कोणाच्या वाढदिवसाचा केक, दहा बॉक्स पिझ्झा आलेला शुक्रवार, हे सगळे वजनात उतरते. ओला चहाचा चोथा निथळला की नाही, यावरही फरक पडतो. शिवाय कचरा तोलला जातोय हे कळले, की पहिले तीन-चार दिवस लोक डब्यातले उरलेले गुपचूप घरी नेतात. म्हणून पहिला आठवडा सोडून द्यावा आणि उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा असे तोलावे.

सर्वांत मोठे भगदाड मात्र काट्यात नसते. कुरिअरचे पुठ्ठे, वर्तमानपत्रे, पाण्याच्या बाटल्या यांतले बरेचसे कचऱ्याच्या पिशवीत येतच नाही. सफाईच्या मावशी ते बाजूला काढून भंगारवाल्याला देतात. महिन्याला त्यांना त्यातून थोडे पैसे मिळतात. इंटर्नने वही उघडून "मावशी, हा पुठ्ठा कुठे जातो?" असे विचारले, की उत्तर येते, "कुठे नाही जात, गाडीतच टाकते." त्यात खोटेपणा नसतो, भीती असते. आज विचारणारे उद्या ते विकणे बंद करतील ही भीती, आणि ती अनाठायी नाही. आकडा मिळाल्यावर 'कंपनीची मिळकत' म्हणून तो पुठ्ठा ताब्यात घेणारी ऑफिसे असतात. हे काम सुरू करण्याआधीच व्यवस्थापनाने मावशींना स्पष्ट सांगायला हवे, की पुठ्ठा त्यांचाच राहील. तेवढे सांगायची तयारी नसेल तर तो प्रश्न विचारूच नये. आलेल्या खोक्यांची संख्या मोजून अंदाज बांधता येतो.

कचऱ्याचे टन किती भरतात?

उदाहरणातील ऑफिसात रोज सरासरी अडीच किलो ओला कचरा निघाला. २५० कामाचे दिवस धरले तर ६२५ किलो. आता पुढचा प्रश्न ग्रॅमचा नाही, पत्त्याचा आहे. हा कचरा जातो कुठे?

खोल, उंच साचलेल्या कचरा डेपोत तो हवेविना कुजतो आणि मिथेन निघतो. हवामान बदलावरील आंतरसरकारी समिती अर्थात 'आयपीसीसी'च्या मार्गदर्शक गृहीतकांनुसार हिशेब केला, आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला, तर एक किलो अन्नकचऱ्यामागे सुमारे १.१ किलो उत्सर्जन येते. उथळ, पसरलेल्या ढिगात हवा खेळते, तिथे याच्या निम्मे. नीट कंपोस्ट झाले तर ०.२ किलोपेक्षाही कमी. म्हणजे तोच ६२५ किलो कचरा डेपोत ७०० किलो, उथळ ढिगात ३५० आणि कंपोस्टमध्ये सुमारे ११० किलो उत्सर्जन देतो. दोन आठवडे काटा धरून वजनातली चूक दहा टक्क्यांवर आणता येईल. पण कचऱ्याचा पत्ता चुकला तर उत्तर सहापट बदलते. त्यामुळे कचरा नेणाऱ्या ताईंना किंवा क्षेत्रीय कार्यालयाला विचारलेला एक प्रश्न आठवडाभराच्या वजनापेक्षा मोलाचा आहे.

आणि सगळ्यांत वाईट उत्तर धरले तरी ते किती? ७०० किलो. ऑफिसचे एका महिन्याचे वीजबिल, म्हणजे २,४०० युनिट, होतात १,७४५ किलो. बारापैकी एक बिल शीटमध्ये चढवायचे राहिले, तर वर्षभराच्या ओल्या कचऱ्याच्या अडीचपट उत्सर्जन गायब होते. सामायिक विजेचा वाटा (४.२ टन) विसरला तर सहापट. इंटर्नचे निम्मे दिवस मात्र कचऱ्यापाशी जातात, कारण कचरा दिसतो, त्याला वास येतो आणि काट्यासह त्याचा फोटो चांगला येतो.

मग कचरा मोजायचाच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, पण त्यातून निघणारा 'सोडून द्या' हा निष्कर्ष चुकीचा आहे. कार्बनच्या एककात कचरा लहान दिसतो, कारण ते एकक कचऱ्याचा त्रास मोजण्यासाठी बनलेलेच नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली ती टनभर कार्बन डायऑक्साइडसाठी नव्हे. दूषित पाणी, दुर्गंधी आणि माश्यांसाठी. म्हणून कचरा किलोतच लिहावा, स्वतंत्र ओळीवर. ओला किती, सुका किती, कुठे गेला. तो टनांच्या बेरजेत विरघळवला की पुढच्या वर्षी कोणीतरी 'तीन टक्केसुद्धा नाही' म्हणून ती ओळच काढून टाकतो.

उलट बाजूही खरी आहे. ऑफिसात कंपोस्टचा डबा बसवून 'कार्बन फूटप्रिंट कमी केला' असे सांगणे बेरजेच्या दृष्टीने जवळजवळ पोकळ आहे. एका नव्या लॅपटॉपच्या निर्मितीतले उत्सर्जन साधारण २०० ते ३०० किलो असते. तीन लॅपटॉप एक वर्ष उशिरा बदलले, तर त्या वर्षापुरता डब्यापेक्षा जास्त फरक पडतो. डबा बसवावा, पण कचऱ्यासाठी.

बंद ऑफिस किती वीज खाते?

वाचलेले दिवस इंटर्नने मीटरजवळ घालवावेत. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मीटरचे रीडिंग घ्यायचे आणि सोमवारी सकाळी नऊला पुन्हा. मध्ये ६२ तास ऑफिस बंद. फरक ७४ युनिट आला तर कोणी नसतानाही सुमारे १.२ किलोवॉट भार सतत चालू आहे. सर्व्हर आणि त्याच्या खोलीतला एसी, फ्रिज, वॉटर कूलर, सुरूच राहिलेले मॉनिटर. असे ५२ शनिवार-रविवार म्हणजे सुमारे ३,८५० युनिट आणि २.८ टन. डेपोत गेलेल्या वर्षभराच्या ओल्या कचऱ्याच्या चौपट, आणि मोजायला लागली दोन रीडिंग.

पुढच्या शुक्रवारी एकेक स्विच बंद करून पुन्हा मोजले, की दोषी कोण ते कळते. सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद करता येणार नाही असे आयटीवाले सांगतील आणि ते बरोबरही असेल. पण तो अठराऐवजी पंचवीस अंशांवर चालू शकतो का, हे विचारायला हरकत नाही. बिलांच्या गठ्ठ्यातून ही माहिती कधीच मिळत नाही, कारण बिल महिन्याचे असते आणि गळती रात्रीची.

एसीवाल्याच्या पावत्याही याच वेळी पाहाव्यात. गॅस भरल्याची नोंद असेल तर कोणता आणि किती, हे त्याला फोन करून विचारावे. आर-३२ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापवतो. ८०० ग्रॅम भरला, म्हणजे तेवढा आधी गळाला, तर ५४० किलो उत्सर्जन झाले. पावतीवर बहुधा फक्त 'सर्व्हिसिंग' लिहिलेले असते.

आकडा कसा लिहावा?

उदाहरणातील ऑफिसचे उत्तर, वीज २५.१ टन, डिझेल ०.२ टन, आणि ओला कचरा किलोत स्वतंत्र, ६२५ किलो, त्याचे उत्सर्जन ०.१ ते ०.७ टन. '२५.८३१ टन' असे तीन दशांशस्थळांपर्यंत लिहिणे म्हणजे खात्री नसलेल्या गोष्टीची खात्री देणे. शीर्षकही 'ऑफिसचा कार्बन फूटप्रिंट' नको. कर्मचाऱ्यांची ये-जा, विमानप्रवास, खरेदी यात नाही. 'वीज, डिझेल आणि ओला कचरा' एवढेच म्हणावे. प्रश्नावलीत तेवढी जागा नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात लिहावे.

टनांच्या शेजारी युनिट लिहिणे तर अनिवार्य मानायला हवे. केंद्रीय प्राधिकरणाचा गुणांक २०२२-२३ मध्ये ०.७१६ होता, पुढच्या वर्षी ०.७२७ झाला. या ऑफिसने दोन्ही वर्षी नेमके ३४,५६० युनिट वापरले असते तरी त्याचे उत्सर्जन ३८० किलोने वाढलेले दिसले असते, काही न करता. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढली की हेच उलट होईल आणि काही न करता घट दिसेल. ग्राहक कंपनी ती घट पुरवठादाराच्या नावावर जमा करेल. त्या वेळी शीटमध्ये युनिटचा रकाना असला, तर निदान पुढच्या इंटर्नला ऑफिसने खरोखर काय वाचवले ते पाहता येईल. त्यासाठी मूळ बिलांच्या प्रती, वजनाची वही, सामायिक वाट्याचे गणित आणि गुणांकाचे वर्ष एकाच फोल्डरमध्ये राहायला हवे. इंटर्नच्या लॅपटॉपवर नाही, तर ऑफिसच्या.